कणगीतलं बी आणि वाफ्यातलं बी: क्षणिकवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत एका मित्राच्या रिकाम्या गाळ्यात दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण जमतो आणि बौद्ध तर्कशास्त्र वाचतो. गेलं वर्षभर एकाच युक्तिवादावर अडून बसलो आहोत: जे आहे ते काहीतरी करतं, आणि जे काहीतरी करतं ते क्षणभरच असू शकतं. नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि जुन्यांना पुन्हा तीच उत्तरं ऐकावी लागतात. जुन्यांची त्यातून सुटका व्हावी म्हणून हे लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरोखरच भांडण आहे.

क्षणिकवाद म्हणजे "सगळं नश्वर आहे" एवढंच ना? ते तर आम्ही लहानपणापासून ऐकतो.

नाही. हा गैरसमज आधी दूर करायला हवा. आपल्याकडे बौद्ध अंत्यविधीला "अनिच्चा वत सङ्खारा" म्हणतात. संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या सगळ्या गोष्टी, अनित्य आहेत, उपजतात आणि निरोध पावतात, एवढं ती गाथा सांगते. हे कोणीही मान्य करील. ठाण्यातली चाळीस वर्षांची इमारत एक दिवस पुनर्विकासाला जाते, माणूस जातो, तलाव बुजवले जातात. पण या बोलण्यात एक गृहीत लपलेलं असतं: इमारत चाळीस वर्षं होती, आणि मग गेली. मधल्या काळात ती तीच होती.

क्षणिकवादी हे मधलं "तीच होती" नाकारतो. त्याच्या मते इमारत दुसऱ्या क्षणालाही टिकत नाही. पहिल्या क्षणाची इमारत संपते आणि तिच्यामुळे तिच्यासारखीच दुसरी उपजते, मग तिसरी. आपण जिला एक इमारत म्हणतो ती अशा क्षणांची रांग आहे. रांगेला ते संतान म्हणतात. बुद्धाच्या उपदेशाच्या सुत्तांमधली अनित्यता आणि हा सिद्धांत यांत अंतर आहे. क्षणाची कल्पना पुढे अभिधर्माच्या, म्हणजे त्या उपदेशाचं विश्लेषण करणाऱ्या ग्रंथांच्या, परंपरेत घडत गेली आणि तिला तर्काची धार सातव्या शतकात बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने लावली. अनित्यता डोळ्यांना दिसते. क्षणिकता दिसत नाही, ती सिद्ध करावी लागते.

क्षण म्हणजे नेमका किती वेळ?

आकडा हवाच असेल तर धर्मकीर्तीच्या आधीचा बौद्ध आचार्य वसुबंधू याच्या अभिधर्मकोशात मिळतो. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त, ३० मुहूर्तांचं एक अहोरात्र. गुणाकार केला की दिवसाला ६४,८०,००० क्षण होतात, म्हणजे सेकंदाला ७५. त्याच ग्रंथात दुसरीकडे असंही येतं की बलवान माणसाने एक टिचकी वाजवली की ६५ क्षण जातात. त्या हिशेबाने टिचकीला जवळजवळ सेकंद लागायला हवा. आमच्या वर्गातल्या कोणालाही इतकी सावकाश टिचकी वाजवता आली नाही.

पण धर्मकीर्तीच्या युक्तिवादाला या आकड्याची गरजच नाही. त्याच्या दृष्टीने क्षण ही वेळेची पट्टी नसून वस्तूचं असणंच आहे: उपजल्यावर पुढे न टिकणं. क्षण सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग असो की लाखावा, युक्तिवादात काही फरक पडत नाही.

धर्मकीर्तीच्या आधी हे कसं सिद्ध करत?

नाशावरून. मडकं काठीने फुटलं, असं आपण म्हणतो. वसुबंधू विचारतो की काठीने केलं काय? खापऱ्या झाल्या हे ठीक. पण मडक्याचा नाश म्हणजे अभाव, आणि अभाव ही काही घडवण्यासारखी वस्तू नाही. मग नाशाला कारण लागत नाही. कारण लागत नसेल तर तो कशासाठी थांबेल? वस्तू उपजताच नष्ट व्हायला हवी, नाहीतर कधीच नष्ट होऊ नये, कारण नंतरही ती तीच वस्तू असणार.

युक्तिवाद देखणा आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. जे नष्ट होतं ते क्षणिक, एवढंच यातून निघतं. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचा पंडित, शांतपणे म्हणतो, "मडकं घ्या तुम्हाला. माझा आत्मा, माझं आकाश, माझे परमाणू कधी नष्टच होत नाहीत. त्यांना तुमचा नियम लागत नाही." म्हणून धर्मकीर्तीने दुसरी वाट धरली. नाशापासून सुरुवात न करता असण्यापासूनच केली. "आहे" एवढंच कबूल करा, क्षणिकता त्यातूनच काढून दाखवतो. या वाटेला सत्त्वानुमान म्हणतात, आणि असण्याची तिची कसोटी म्हणजे अर्थक्रियाकारित्व. पुढे शांतरक्षित, कमलशील, आणि अकराव्या शतकात विक्रमशीला विहारातले ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती याच वाटेने गेले.

अर्थक्रियाकारित्व हा शब्द जरा उलगडून सांगाल का?

अर्थ म्हणजे काम, प्रयोजन. क्रिया म्हणजे ते घडवणं. विस्तव भात शिजवतो, पाणी तहान भागवतं. चित्रातला विस्तव शिजवत नाही आणि मृगजळ तहान भागवत नाही. प्रमाणवार्तिकात धर्मकीर्ती सरळ म्हणतो की जे अर्थक्रियेला समर्थ, तेच परमार्थाने सत्. सशाचं शिंग काही करत नाही, म्हणून ते नाही.

एक सावधगिरी बाळगा. माणसाच्या उपयोगाला येणं हा या शब्दाचा एक अर्थ आहे आणि कोणतंही कार्य उपजवणं हा दुसरा. क्षणिकतेच्या युक्तिवादात दुसरा अर्थ चालतो. येऊरच्या जंगलात कोणी न पाहिलेला दगडही आपला पुढचा क्षण उपजवतो, म्हणून तो आहे. त्याचा कोणाला उपयोग नसेना का.

"पण असण्याची ही व्याख्या आम्ही का मानावी?" असं एका बँकेत असलेल्या ताईंनी विचारलं होतं. खरंय, मानलीच पाहिजे असं नाही. पण समोरच्याची व्याख्या काय आहे तेही बघा. वैशेषिक दर्शनाच्या मते सत्ता नावाचं एक सामान्य, म्हणजे अनेक वस्तूंत राहणारं एकच तत्त्व, असतं आणि ते ज्यात राहतं ते सत्. पण तेच सांगतात की सत्ता फक्त द्रव्य, गुण आणि कर्म यांत राहते. सामान्य, विशेष आणि समवाय हे पदार्थ मात्र सत्तेशिवायच आहेत. म्हणजे सहा पदार्थांपैकी तीन पदार्थांच्या असण्याला त्यांचीच व्याख्या पुरत नाही. बौद्धाची कसोटी निदान सगळीकडे एकच आहे.

मुख्य युक्तिवाद एकदा पायरीपायरीने सांगा.

ग्रंथांत उदाहरण कोठारातल्या बियाचं आहे. आमच्या वर्गात घणसोलीच्या एका आगरी घरातले काका येतात. शहर वसायच्या आधी त्यांच्या घरी भातशेती होती आणि माजघरात धान्य साठवायची कणगी होती. त्यामुळे आमचं बी भाताचं आहे.

कार्तिकात झोडणी झाली, बियाण्याचं भात वेगळं काढून कणगीत भरलं. उन्हाळ्यात वाफ्यावर राब भाजला. ज्येष्ठात पाऊस पडल्यावर तेच भात वाफ्यात फेकलं आणि चार-सहा दिवसांत कोंब आले. आपलं सगळ्यांचं म्हणणं असं की कार्तिकात कणगीत पडलेला दाणा आणि ज्येष्ठात मातीत पडलेला दाणा एकच. बौद्ध या सात महिन्यांवर बोट ठेवतो.

तो विचारतो: कणगीतला दाणा कोंब काढायला समर्थ होता का? होता म्हणाल, तर त्याने मार्गशीर्षातच कोंब का काढला नाही? समर्थ असून न करणं म्हणजे काय, ते सांगा. नव्हता म्हणाल, तर ज्येष्ठातही तो तोच दाणा आहे, मग आता कसा समर्थ झाला? एकाच वस्तूला एकाच कार्याबद्दल समर्थ आणि असमर्थ असे दोन विरुद्ध स्वभाव असू शकत नाहीत. स्वभाव वेगळे, तर वस्तू वेगळ्या. कणगीतला दाणा एक, वाफ्यातला दुसरा.

तुम्ही म्हणाल, फार तर दोन दाणे झाले, क्षणाक्षणाला नवा कुठून आला? तर तोच प्रश्न वाफ्यातल्या सहा दिवसांना लावा. पहिल्या दिवशीचा दाणा कोंब काढायला समर्थ होता का? मग सहाव्या दिवसाच्या सकाळ-संध्याकाळला लावा. प्रश्न थांबवण्याची जागाच सापडत नाही. शेवटी कोंबाच्या लगेच आधीचा एक क्षण उरतो, जो खरोखर कोंब उपजवतो. त्याला ते कुर्वद्रूप म्हणतात, करतं रूप. त्याच्या आधीचे सगळे क्षण कोंब उपजवत नव्हते, पण रिकामेही बसले नव्हते. प्रत्येक जण आपल्या पुढचा क्षण उपजवत होता.

आता हे सगळ्या टिकाऊ वस्तूंना लावायचं. जी वस्तू टिकते असं म्हणता, ती आपली कामं एकामागून एक करते की एकदम? एकामागून एक म्हणाल, तर दुसरं काम करायचं सामर्थ्य पहिल्या वेळीच होतं की नाही, हा बियाचा प्रश्न पुन्हा आला. एकदम म्हणाल, तर पहिल्याच क्षणी सगळं काम उरकलं. दुसऱ्या क्षणी ती तीच वस्तू आणि तोच स्वभाव, म्हणजे पुन्हा सगळं करायला हवं, आणि तसं तर कधी दिसत नाही. काहीच करत नसेल तर कसोटीप्रमाणे ती आता नाहीच. क्रम नाही, एकदम नाही, आणि तिसरा प्रकार नाही. म्हणून टिकाऊ वस्तू काहीच करू शकत नाही. म्हणून ती नाही. जे आहे ते क्षणिकच. आत्मा, आकाश, ईश्वर, परमाणू सगळे याच जाळ्यात सापडतात. जुन्या युक्तिवादाला जे जमलं नव्हतं ते इथे जमतं.

पण दाणा समर्थच होता, फक्त पाणी नव्हतं! यात एवढं अवघड काय आहे?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. स्थिरवादी नैयायिकाचंही हेच उत्तर आहे. दाणा समर्थ, पण त्याला सहकारी लागतात: माती, ओल, ऊब. ते येईपर्यंत उशीर होतो. उशिराचं कारण दाण्यात नाही, सहकाऱ्यांच्या गैरहजेरीत आहे.

बौद्धाचा पुढचा प्रश्न: पाणी आलं, त्याने दाण्याचं काही केलं की नाही? काहीच केलं नसेल तर दाण्याच्या दृष्टीने पाणी असणं-नसणं सारखंच. मग तो कोणाची वाट पाहत होता? काही केलं असेल, म्हणजे दाण्यात काही भर घातली असेल, तर ती भर दाण्याहून वेगळी की दाणाच? वेगळी असेल तर कोंब त्या भरीतून आला. दाणा कार्तिकात होता तसाच निकामी राहिला. शिवाय ही भर "दाण्याची" कशी, ते जोडायला आणखी एक उपकार हवा, त्याला आणखी एक, आणि याला शेवट नाही. भर म्हणजे दाणाच असेल, तर भर नवी उपजली म्हणजे दाणाच नवा उपजला. बौद्ध म्हणतो, हेच तर मी केव्हाचं सांगतोय.

हुशार नैयायिक इथे तिसरी पळवाट काढतो. सहकारी दाण्यावर उपकार करत नाहीत. दाण्याचा स्वभावच असा की सहकाऱ्यांसोबत असतानाच कार्य करायचं. यावर बौद्धाचं उत्तर चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात नोंदवलंय आणि ते वाचताना आमच्या गाळ्यात हशा पिकला होता. सहकाऱ्यांसोबत असणं हा जर दाण्याचा स्वभावच असेल, तर त्याने त्यांना कधी सोडलंच नसतं. पळून जाऊ लागले असते तरी गळ्यात फास टाकून ओढून आणलं असतं आणि काम केलं असतं. स्वभाव काही सुट्टीवर जात नाही!

मग बौद्ध स्वतः पाण्याचं काय करतो? त्यालाही पाणी लागतंच, पाण्याशिवाय भात उगवतो असं तो म्हणत नाही. हेतुबिंदूत धर्मकीर्ती सहकार दोन प्रकारचा सांगतो. पहिल्यात कोरडा दाणा-क्षण आणि पाण्याचा क्षण मिळून थोडा ओला दाणा-क्षण उपजवतात, तो आणि पुढचं पाणी मिळून आणखी फुगलेला, असं रांगेत सामर्थ्य वाढत जातं. दुसऱ्यात, शेवटच्या क्षणी, दाणा, माती, ओल, ऊब कोणी कोणाचं काही करत नाही, सगळे मिळून फक्त एक कार्य उपजवतात. भर घालायला तिथे वेळच नसतो. पाणी कार्यासाठी हवं, पण "तोच दाणा आधी वाट पाहत होता" हे म्हणणं नको, एवढाच त्याचा आग्रह.

बियाणं चांगलं की पोचट हे आम्ही पेरायच्या आधीच ओळखतो. म्हणजे कणगीतल्या बियात सामर्थ्य होतंच की!

हा घणसोलीच्या काकांचा प्रश्न, आणि या पानावरचा मला सगळ्यात आवडलेला. मिठाच्या पाण्यात भात टाकलं की पोचट दाणे तरंगतात, भरलेले बुडतात. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती मोडावतात तेही बघता येतं. ऐंशी-नव्वद मोडावले की बियाणं चांगलं. हे सामर्थ्य नाही तर काय?

बौद्धाचं उत्तर असं की तुम्ही ज्याला सामर्थ्य म्हणता ती रांगेची ओळख आहे. भरल्या दाण्याची रांग योग्य वेळी योग्य पाणी मिळाल्यास करत्या क्षणापर्यंत पोचते, पोचट दाण्याची पोचत नाही. म्हणून लांबून दोघांनाही "बी" म्हणताना एकाला चांगलं म्हणणं व्यवहाराला पुरतं. आणि गोणपाटाच्या चाचणीत एक गंमत आहे: ज्या शंभर दाण्यांची परीक्षा झाली ते मोडावले, पेरणीच्या पोत्यात ते परत जाणार नाहीत. पोत्यात उरलेल्यांची परीक्षा कोणी केलीच नाही. सारखेपणावरून आपण अंदाज बांधला. प्रत्येक दाण्यात आधीपासून दडून बसलेलं सामर्थ्य कोणी पाहिलेलं नाही.

पण काका इतक्यावर गप्प बसले नाहीत, आणि बसायचं कारणही नव्हतं. कारण नकळत ते नैयायिक उदयनाचार्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. उदयनांचा आत्मतत्त्वविवेक हा ग्रंथ या वादासाठीच लिहिलेला आहे आणि त्यात ज्ञानश्रीमित्राशी सरळ सामना आहे. त्यांचा मुद्दा असा: दडलेलं सामर्थ्य दिसत नाही म्हणता, मग तुमचं कुर्वद्रूप तरी कुठे दिसतं? आम्हाला दिसतं ते एवढंच की बी असेल आणि पाणी-माती मिळाली तर कोंब येतो, बी असून ती मिळाली नाहीत तर येत नाही, आणि खड्याला सगळं मिळालं तरी येत नाही. या तिन्हींचा उलगडा बीपण आणि सहकारी एवढ्याने होतो. मग शेवटच्या क्षणाला एक खास, न दिसणारी जात कशाला चिकटवायची?

उदयन आणखी एक करतात. समर्थ या शब्दाचे दोन अर्थ सुटे करतात. एक, योग्यता: जातीने त्या कामाचा असणं. दुसरा, सगळे सहकारी जमून आत्ता करत असणं. कणगीतल्या दाण्यात पहिला आहे, दुसरा नाही. दोन्हींत विरोधच नाही, कारण विरोध एकाच अर्थाने समर्थ आणि असमर्थ म्हटलं तरच येतो. आचारी घरी झोपला असला तरी तो आचारीच असतो, असं काका म्हणाले. उदयनांनी हा दृष्टांत दिलेला नाही, पण हरकत घेतली नसती.

माझं मत विचाराल तर वादाचा काटा इथेच अडकलाय. बौद्धाच्या युक्तिवादाला एकच आधार आहे: समर्थ म्हणजे करणारा, न करणारा समर्थ नव्हेच. हे मान्य केलंत की पुढचं सगळं पटापट येतं. योग्यता नावाची गोष्ट वस्तूत आहे असं मान्य केलंत, तर कणगीतलं बी सात महिने तेच राहू शकतं. एखादा क्षणिकवादाची बाजू मांडत असेल तेव्हा त्याने "समर्थ"चा अर्थ मध्येच बदलला का, यावर लक्ष ठेवा. पहिल्या वाक्यात योग्यता आणि तिसऱ्यात करणं असं झालं की युक्तिवाद घसरला. रत्नकीर्तीला हे ठाऊक आहे, म्हणून तो समर्थ शब्दाचा अर्थ आधीच घट्ट बांधून घेतो.

सगळं क्षणोक्षणी नवं असेल तर "हा तोच" असं आपल्याला कसं वाटतं?

सारखेपणामुळे. रोज सकाळी ठाण्याच्या फलाटावर "आपली नेहमीची लोकल आली" असं म्हणता ना? डबे कालचेच असतात असं नाही. गाडी वेगळी असली तरी वेळ तीच, फलाट तोच, गर्दी तीच, म्हणून तोंडातून "तीच" येतं. ग्रंथातली उदाहरणं दिव्याच्या ज्योतीची आणि कापून पुन्हा वाढलेल्या केस-नखांची आहेत. ओळख पटते एवढ्यावरून वस्तू एकच असल्याचं सिद्ध होत नाही. अर्थात, ती एक नसल्याचंही यावरून सिद्ध होत नाही. ते काम बियाच्या युक्तिवादाचं.

मग माझं गृहकर्ज कोण फेडणार? कर्ज घेणारा तर कधीच संपला.

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाच्या मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात याचंच जुनं रूप आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि म्हणाला, याने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे. नागसेन राजाला विचारतो, हा सुटेल का? राजा म्हणतो, नाही, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्याच्याच आधाराने आले. रांग तीच असणं जबाबदारीला पुरेसं आहे. कपाशीच्या बियाला लाखेचा रंग दिला तर त्याच झाडाच्या कापसात लाली उतरते, असा दृष्टांतही परंपरेत आहे. शेतीशास्त्रावर त्याची परीक्षा घेऊ नका.

हप्ता चुकणार नाही.

क्षणभरच टिकणारी वस्तू काम करणार तरी कधी? उपजली की संपली!

प्रश्नात एक चित्र दडलंय: आधी वस्तू उपजते, मग बाह्या सरसावते, मग काम करते. याला निदान तीन क्षण लागतील हे खरं. बौद्ध हे चित्रच मोडून टाकतो. जुन्या श्लोकात म्हटलंय की जे अस्थिर आहेत त्यांची क्रिया कुठली? त्यांचं असणं हीच क्रिया आणि तेच कारक. दाण्याचा शेवटचा क्षण असतो आणि त्याच्या लगेच मागून कोंब असतो, यापलीकडे "करणं" नावाची वेगळी धडपड मध्ये नाही.

यावर नैयायिक विचारतो की हे दोन क्षण पाहणारा एक माणूस कुठे आहे? बी पाहणारा क्षण बियाबरोबर गेला, कोंब पाहणाऱ्याने बी पाहिलंच नाही. मग यातून ते आलं हे कोणाला कळलं? बौद्ध म्हणतो, पहिल्या ज्ञानाचा ठसा दुसऱ्या ज्ञानात उतरतो आणि त्याच्या जोरावर मागाहून निश्चय होतो. मला हे उत्तर थोडं ताणलेलं वाटतं. वर्गात मत विभागलेलं आहे.

विज्ञानाने क्षणिकवाद सिद्ध केलाय असं एका व्हॉट्सॲप संदेशात वाचलं. खरं का?

नाही. अणू हलतात, पेशी बदलतात यावरून बदल दिसतो. बदलणारी एक वस्तू टिकते की नाही, हा प्रश्न तसाच राहतो. संदेश पुढे पाठवू नका.

या युक्तिवादातली सगळ्यात कच्ची जागा कोणती?

योग्यतेचा मुद्दा सोडला तर रांगेचा शेवट. असणं म्हणजे काही उपजवणं. मग ज्या क्षणानंतर रांग थांबते, त्या क्षणाचं काय? पणती विझली. ज्योतीच्या शेवटच्या क्षणाने पुढची ज्योत उपजवली नाही. त्याने काहीच उपजवलं नाही तर तो नव्हताच. तो नसेल तर त्याच्या आधीच्या क्षणाने जे उपजवलं ते असत् ठरलं, म्हणजे त्यानेही काही उपजवलं नाही. असं मागेमागे जात अख्खी ज्योत विझते, आणि तीही लावायच्या आधी.

पणतीपुरतं उत्तर सोपं आहे: शेवटच्या ज्योतीने काजळी केली, धूर केला, पाहणाऱ्याच्या मनात ज्ञान उपजवलं. एक रांग थांबली तरी कार्य दुसऱ्या रांगेत निघालं. पण अर्हताच्या, म्हणजे मुक्त झालेल्या माणसाच्या, शेवटच्या चित्तक्षणाचं काय? त्यानंतर पुढचं चित्त उपजत नाही, परिनिर्वाण म्हणजे तेच. तिथे कोणती काजळी?

एका रविवारी कळव्याहून येणाऱ्या एका मुलाने तोड सुचवली: "सर, त्या क्षणाने काही केलं नसेल, पण साथ मिळाली असती तर केलं असतं, एवढं पुरे ना?" मी मान डोलावणारच होतो, तेवढ्यात घणसोलीचे काका म्हणाले, "मग आमच्या कणगीतल्या भाताचं काय वेगळं होतं रं?"